मदत हवी आहे: दुपारपासून ओलं लागतंय, पण कळा नाहीत. आत्ता निघायचं की थांबायचं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर, संध्याकाळी ५:१०

पहिलं बाळंतपण आहे, माहेरी आलेय. आज ३८ आठवडे ४ दिवस झाले. सकाळी सहाला बाथरूमला गेले तेव्हा जेलीसारखा चिकट गोळा पडला, त्यात तपकिरी रेघा होत्या. आई म्हणाली, "दिवस भरत आलेत, असं होतं." मग दुपारी दोनच्या सुमाराला झोपून उठले तर परकर मागून ओला. वाटीभर नव्हे, पण घाम म्हणावा इतकं कमीही नाही. परकर धुऊन टाकला. त्यानंतर दोनदा असंच झालं, एकदा खोकल्यावर आणि एकदा खुर्चीतून उठताना.

कळा अजिबात नाहीत. कंबर थोडी भरून येते, ती तर महिनाभर येतेच आहे.

दवाखाना सात रस्त्याच्या बाजूला आहे, रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. फोन केला तर काउंटरवरच्या बाईंनी "डॉक्टर ओटीत आहेत, कळा सुरू झाल्या की या" एवढंच सांगितलं. आईचंही तेच, कळा आल्याशिवाय गेलीस तर ते लोक उगाच सिझर करतात. नवरा पुण्यात आहे, तो म्हणतो लगेच जा. ही लघवी असू शकते का? कसं ओळखायचं?

पार्कचौक_बंडू, ५:१८

ताई, अंगावरून पांढरं जाणं सातव्या-आठव्या महिन्यापासून वाढतंच. माझ्या बायकोला डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या, आठ दिवसांत बरं वाटलं. खाज येते का? टेन्शन घेऊ नका.

जुळे_सोलापूरकर, ५:२१

दादा, पांढरं नाही हो. पाण्यासारखं पातळ आहे. खाज वगैरे काही नाही.

निवृत्त_सिस्टर, ५:२६

मी अठ्ठावीस वर्षं लेबर रूममध्ये काढली आहेत. आधी एक सांग बाळा, फोनवर तू नेमके कोणते शब्द वापरलेस?

जुळे_सोलापूरकर, ५:२८

"अंगावरून जातंय, काय करू" असं म्हणाले.

निवृत्त_सिस्टर, ५:३९

तिथेच घोळ झाला. आपल्याकडे "अंगावरून जातंय" म्हटलं की समोरच्याला पांढरं जाणं नाहीतर डाग दिसणं वाटतं. वर बंडूदादांनाही तेच वाटलं. पाणमोटीचं पाणी जात असेल तर स्पष्ट म्हणायचं, "पाणी जातंय, दुपारी दोनपासून, ३८ आठवडे पूर्ण आहेत, कळा नाहीत, बाळ हलतंय." एवढं ऐकल्यावर कुणी "कळा आल्या की या" म्हणणार नाही.

आता तुझ्या दोन गोष्टी वेगवेगळ्या धर. सकाळचा गोळा म्हणजे पिशवीच्या तोंडावरचं बूच. तोंड मऊ पडायला लागलं की ते सुटतं. त्यात तपकिरी किंवा गुलाबी रेघ असू शकते. ते पडल्यावर कुणाला त्याच रात्री कळा लागतात, कुणाला आठवडा जातो. फक्त बूच पडलं असतं तर मी तुला घरीच थांब म्हटलं असतं. मात्र लाल, पाळीसारखं रक्त वाहत असेल तर ते बूच नव्हे, तेव्हा तडक निघायचं.

दुपारचं प्रकरण वेगळं आहे. लघवी करून ये, पुसून कोरडी हो आणि पांढरा सुती कपडा घडी करून लाव. सोलापुरात पांढऱ्या सुती टॉवेलला काय तोटा! बाजारातलं जाड पॅड नको, ते पाणी आत ओढून घेतं आणि रंग कळत नाही. मग अर्धा तास डाव्या कुशीवर पड. पडून असताना पाणी आत साठतं आणि उठलं की एकदम बाहेर येतं. उभी राहा, एकदा खोक, कपडा बघ. लघवीचा वास ओळखू येतो. हे पाणी फिकं असतं, वास जवळजवळ नसतो किंवा किंचित गोडसर येतो. लघवी आवळून धरता येते, हे येत नाही.

कपडा धुऊ नकोस. पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव. दुपारचा परकर धुतलास तो पुरावाच गेला!

आणि पडल्या पडल्या बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेव. नेहमीपेक्षा कमी वाटली तर अर्धा तासही थांबू नकोस, नीघ.

होटगीरोड_इंजिनियर, ५:४४

एवढं कशाला? सोनोग्राफी करून घ्या. पाणी नीट असेल तर लीक नाही, विषय संपला. माझ्या मिसेसचं असंच झालं होतं, पाणी नॉर्मल निघालं, घरी पाठवलं.

निवृत्त_सिस्टर, ५:५२

अर्धं बरोबर आहे तुमचं. पाणी खूपच कमी दिसलं तर शंका पक्की होते. पण पाणमोटीला वरच्या बाजूला बारीक चीर असेल तर थेंब थेंब गळतं, आत पाणी भरपूर असतं आणि सोनोग्राफीत सगळं ठीक दिसतं. बाळ नवं पाणी तयार करतच असतं ना. खात्री होते ती डॉक्टरांनी चिमट्यासारखं उपकरण लावून आत बघितल्यावर. तिथे पाणी साचलेलं किंवा खोकल्यावर येताना दिसतं. हातमोजा घालून बोटाने पुन्हा पुन्हा तपासणं मात्र कळा नसताना टाळलेलं बरं, त्याने जंतू आत जायची शक्यता वाढते.

अक्कलकोटची_लेक, ५:५८

माझं सांगते. मलाही कळा नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या एरंडेल घे, कळा लागतील, मग जाऊ. दोन चमचे घेतलं आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या. पाणी गळतच होतं, पहाटे बघितलं तर हिरवट, शेवाळासारखं. बाळाने आत शी केली होती. गेल्या गेल्या सिझर झालं, बाळ चार दिवस काचेच्या पेटीत. आता पहिलीत आहे, ठणठणीत. पण त्या रात्रीचे दहा तास मी कळांची वाट बघण्यात घालवले, ते अजून टोचतं. आईंना म्हणावं, सिझरच्या भीतीने थांबलं की सिझर टळतंच असं नाही.

निवृत्त_सिस्टर, ६:०३

एरंडेल नकोच. जुलाबाने बाई गळून जाते आणि नंतर जोर लावायला ताकद उरत नाही. हिरवट किंवा काळपट तपकिरी पाणी दिसलं तर कपडा-बिपडा, चहापाणी काही नाही, सरळ गाडी.

आईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, बरं का. पाणी न जाता कळा आल्या तर पहिलटकरणीने घरी थांबावंच. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. चाललं-पडलं की विरून जाते ती खोटी कळ. पण पाणी गेल्यावर हा हिशोब लागत नाही. दिवस भरलेल्या बहुतेक बायकांना पाणी गेल्यापासून चोवीस तासांत आपोआप कळा लागतात. तोवर जंतूंना वाट मोकळी असते, म्हणून दवाखान्यात ताप, नाडी, बाळाचे ठोके बघत राहतात. घरी ते कोण बघणार?

जुळे_सोलापूरकर, ६:३१

केलं. पस्तीस मिनिटं पडून होते. उभी राहिले तर मांडीवरून धार आली, थांबवायचा प्रयत्न केला तरी थांबेना. टॉवेलवर तळहाताएवढा डाग, किंचित गुलाबी, वास नाही. बाळ हलतंय, दोनदा चांगली लाथ मारली. आई आता गप्प आहे, बॅग शोधतेय. अंघोळ करून निघू का?

निवृत्त_सिस्टर, ६:३४

अंघोळ नको, कपडे बदल आणि नीघ. फाइल, सोनोग्राफीचे कागद, तो टॉवेल. गेल्या तपासणीत बाळाचं डोकं खाली बसलंय असं म्हणाले होते का?

जुळे_सोलापूरकर, ६:३६

हो, "डोकं फिक्स" असं लिहिलंय.

निवृत्त_सिस्टर, ६:४०

मग रिक्षाने बसून गेलीस तरी चालेल. डोकं वर असतं किंवा बाळ पायाळू असतं तर मी झोपवूनच न्यायला सांगितलं असतं, १०८ बोलावून. कारण पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. इतर कुणी वाचत असेल तर सांगते, योनीमार्गात दोरीसारखं काही हाताला लागलं तर ते आत ढकलायचं नाही. गुडघे आणि छाती टेकून, ढुंगण वर करून राहायचं आणि तसंच न्यायचं. क्वचितच होतं, पण तिथे मिनिटं मोजावी लागतात.

आणि तिथे वेळ विचारतील तेव्हा दुपारी दोन सांग, साडेसहा नाही. पुढची सगळी औषधं त्या वेळेवरून ठरतात.

जुळे_सोलापूरकर, रात्री १०:१५

भरती केलंय. डॉक्टरांनी आत बघितलं, पाणी दिसलं. तोंड एक बोट उघडलंय. पट्टे लावून बाळाचे ठोके घेतले, चांगले आहेत. ताप नाही. आता विचारतायत, आज रात्री कळांची गोळी सुरू करायची की सकाळपर्यंत वाट बघायची. मला वाट बघावीशी वाटतेय. काय करू?

होटगीरोड_इंजिनियर, १०:२२

कशाला वाट? लगेच सुरू करा. जेवढं लांबेल तेवढा धोका.

अक्कलकोटची_लेक, १०:२५

माझ्या वहिनीने वाट बघितली, पहाटे आपोआप कळा आल्या आणि नॉर्मल झालं. घाई करू नकोस.

निवृत्त_सिस्टर, १०:३७

दोन्ही रीतसर आहे. पाणी स्वच्छ, ताप नाही, ठोके ठीक, मग सकाळपर्यंत थांबणारे डॉक्टर मी पाहिलेत आणि रात्रीच सुरू करणारेही. आमच्याच वॉर्डात दोन मॅडमचं यावर कधी पटलं नाही. थांबणार असशील तर अँटिबायोटिक कधी देणार आणि किती वाजेपर्यंत वाट बघणार, हे दोन प्रश्न विचार. थंडी वाजली, पाण्याला घाण वास आला किंवा रंग बदलला तर बेल वाजव, सिस्टर राऊंडला यायची वाट बघू नकोस.

जुळे_सोलापूरकर, दुसऱ्या दिवशी दुपारी १:५०

पहाटे चारला कळा आपोआप लागल्या. अँटिबायोटिक रात्रीच सुरू केलं होतं. सकाळी कळा मंदावल्या म्हणून सलाईनमधून औषध लावलं. साडेबाराला मुलगी झाली, २ किलो ८००. टाके पडलेत. बाळाला लक्ष ठेवायला दोन दिवस इथेच ठेवणार म्हणतात, त्याचं मला नीट कळलं नाही, डॉक्टरांना विचारते. नवरा अजून टेंभुर्णीच्या पुढे आलेला नाही.

मंगळवेढा_माउली, ३:०५

अभिनंदन ताई! सिस्टर, माझ्या भावजयीला तेहतिसावा आठवडा आहे आणि सकाळपासून असंच ओलं लागतंय. आम्ही मंगळवेढ्यात आहोत. कपडा लावून अर्धा तास झोपवलंय, बघून सांगते.

निवृत्त_सिस्टर, ३:०९

नको, उठवा तिला. ३७ आठवड्यांच्या आत शंका आली तरी पुरे, घरी परीक्षा बघत बसायचं नाही. आत्ता १०८ ला फोन करा. लहान बाळांची सोय आहे अशाच ठिकाणी न्या म्हणून सांगा, नाहीतर मंगळवेढ्याहून सोलापूरला पुन्हा हलवण्यात वेळ जाईल. बाळाची फुप्फुसं तयार होण्यासाठी आईला इंजेक्शन देतात, त्याला काम करायला वेळ लागतो. सकाळी किती वाजता सुरू झालं ते गाडीत बसायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

मंगळवेढा_माउली, ३:१४

फोन लावला. गाडी निघालीय म्हणतात. साडेआठला सुरू झालं, लिहिलंय.