विषय: क्लेममध्ये डॉलरचा भाव कुठल्या तारखेचा धरतात?

रोहिणी, पाचपाखाडी

नमस्कार मंडळी. श्रीकांतच्या मुतखड्याचा परदेश प्रवासाच्या विम्याचा क्लेम अखेर पास झाला, पण रुपये कमी आलेत. दिवाळीत अमेरिकेत एडिसनला त्याला रात्री हॉस्पिटलात न्यावं लागलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, परत सांगत नाही. दोन बिलं होती, हॉस्पिटलचं 1,940 डॉलर आणि इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं 540. दोन्ही घरपोच यायला डिसेंबर उजाडला. आम्ही तोवर ठाण्यात परतलो होतो. जानेवारीच्या मध्यावर मी इथूनच आपल्या क्रेडिट कार्डाने भरली. तेव्हा डॉलर साडेशहाऐंशीच्या आसपास होता. कंपनीने लावलाय चौऱ्याऐंशी. मी पैसे जानेवारीत भरले, तर नोव्हेंबरचा भाव का? कुणी भांडलंय का यावर? या आठवड्यात उत्तर पाठवायचंय.

नितीन

वहिनी, यात भांडण्यासारखं काही नाही. परकीय चलनाचे रुपये करायचे तर स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो, आणि तोही आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. गणपतीच्या वर्गणीच्या वेळी मी हेच सांगत होतो, तेव्हा कुणी ऐकलं नाही. कंपनीला तेवढं लिहा, संपला विषय.

प्रकाश, वाशी

नितीन, तू म्हणतोस तो आयकराचा नियम 115. परदेशी उत्पन्न भारतात करपात्र असलं की रुपये कसे करायचे, त्यासाठी तो आहे. क्लेम हे काही उत्पन्न नाही. तिथे पॉलिसीत छापलंय तेच चालतं. (आणि वर्गणीलाही तो नियम लागत नव्हता, पण ते जाऊ दे.)

रोहिणी, सव्वीस वर्षं मी क्लेमच्या टेबलावर काढली, म्हणून आधी एकच विचारतो. पॉलिसीच्या मजकुरात, बहुधा क्लेमच्या अटींमध्ये, रुपयांत पैसे देण्याबद्दल एक वाक्य असतं. ते शब्दाला शब्द पाठव. ब्रोशरमधलं नको, एजंटच्या व्हॉट्सॅपमधलं तर नकोच. काही कंपन्या 'नुकसानीच्या तारखेचा' दर लावतात, काही 'हॉस्पिटलला पैसे दिल्याच्या तारखेचा'. या चार शब्दांवर तुझे हजारो रुपये अडलेत.

शरयू, घोडबंदर

आमच्या वेळी भावबिव काहीच प्रश्न आला नव्हता. सासूबाई ह्यूस्टनला पडल्या, मनगट मोडलं. मुलाने त्याच रात्री पॉलिसीवरच्या नंबरला फोन केला, त्या लोकांनी हॉस्पिटलशी परस्पर बोलून घेतलं. आम्ही फक्त 100 डॉलर भरले. रोहिणी, तू फोन नव्हता का केलास? सासूबाई अजून त्या हाताने पोळ्या लाटतात, देवाची कृपा.

रोहिणी

शरयू, केला होता गं. केस नंबरही मिळाला. पण हॉस्पिटलने विमा कंपनीच्या लोकांचं हमीपत्र घेतलंच नाही, बिल घरी पाठवतो म्हणाले. रात्रीच्या अडीचला मी कुणाशी हुज्जत घालणार होते!

प्रकाशराव, कंपनीच्या साइटवरून पॉलिसीचा मजकूर उतरवला. त्यात असं आहे: परतफेडीच्या क्लेमसाठी हॉस्पिटलला पैसे दिल्याच्या तारखेला रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेला दर, त्या दिवशी नसेल तर त्यानंतर प्रसिद्ध होणारा पहिला. म्हणजे माझंच बरोबर ना? जानेवारीच!

अविनाश (यादी सांभाळणारा)

मंडळी, ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. विम्यासाठी आपण वेगळा धागा काढला होता, तो कुणी वापरत नाही. असो, चालू दे. विषयाची ओळ तेवढी बदलू नका, शोधायला त्रास होतो. आणि संक्रांतीच्या हिशेबाचे आकडे अजून दोघांनी दिलेले नाहीत. नावं घेत नाही.

प्रकाश, वाशी

रोहिणी, घाई करू नकोस. साइटवरचा मजकूर आजचा आहे, तुझी पॉलिसी गेल्या ऑक्टोबरची. कंपन्या मजकूर बदलतात, आणि साइटवर बहुतेकदा ताजा तेवढाच ठेवतात. सर्टिफिकेटच्या तळाशी बारीक अक्षरांत यूआयएन नावाचा लांबलचक क्रमांक असेल, आणि उतरवलेल्या मजकुरावरही असेल. दोन्हींचा शेवट जुळवून बघ, तिथे आवृत्ती असते, V01, V02 अशी. आवृत्ती वेगळी निघाली तर तो मजकूर तुझा नाही.

तोवर भाव बाजूला ठेवून हिशेब करू, आकडे गोल धरून. एकूण बिल 2,480 डॉलर. त्यातून 100 डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, आधी डॉलरमध्येच वजा होतात, उरले 2,380. त्याचे 84 ने 1,99,920 रुपये. तुझ्या पत्रावर हाच आकडा असणार. साडेशहाऐंशीने झाले असते 2,05,870. म्हणजे तारखेचं सगळं भांडण 5,950 रुपयांचं.

आता तुझं कार्डाचं स्टेटमेंट उघड. 2,480 चे साडेशहाऐंशीने 2,14,520 होतात. त्यावर बँकेने परकीय व्यवहाराचा आकार लावला असेल. साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर 8,860 च्या आसपास. म्हणजे तुझ्या खिशातून 2,23,380 गेले आणि परत आले 1,99,920. तूट 23,460 ची. त्यात डिडक्टिबलचे 8,650, कार्डाच्या आकाराचे 8,860, आणि तारखेचे 5,950. सगळ्यात लहान आकड्यावर आपण सगळ्यात जास्त बोलतोय.

नितीन

प्रकाशराव, कार्डाचा आकार पण कंपनीने द्यायला हवा. तो उपचारासाठीच गेला ना? त्याशिवाय पैसे भरताच येत नव्हते.

प्रकाश, वाशी

द्यायला हवा की नको ते तुझं मत, देत नाहीत हा माझा अनुभव. कंपनी हॉस्पिटलच्या पावतीवरचे डॉलर मोजते. तू ते कार्डाने भरलेस, हुंडीने भरलेस की उसने घेऊन, त्याच्याशी तिला घेणं नाही. शिवाय कार्डावर तू खरेदी केलेल्या दिवसाचा भावच लागत नाही. व्यवहार जमा होतो त्या दिवसाचा लागतो, आणि तो कार्ड कंपनीचा स्वतःचा. म्हणून स्टेटमेंटवरचा भाव कंपनीपुढे ठेवून उपयोग नाही. दर द्यायचा तर पॉलिसीत म्हटलेला रिझर्व्ह बँकेचा दर, म्हणजे संदर्भ दरच द्यावा लागेल. तो 2018 च्या जुलैपासून एफबीआयएल नावाची वेगळी संस्था काढते, तरी पॉलिसीत अजून रिझर्व्ह बँकेचंच नाव असतं. कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास येतो, मागचे दर त्यांच्या साइटवर सापडतात.

शरयू, घोडबंदर

पण मुलीच्या अमेरिकेच्या कार्डाने भरलं असतं तर हा आकार लागलाच नसता ना?

प्रकाश, वाशी

नसता. पण पावती मुलीच्या नावाची झाली असती, आणि कंपनीने विचारलं असतं की खर्च विमाधारकाने केला कशावरून. एक पत्र लिहून ते सुटतं, पण आठवडे जातात. आणि रुपये श्रीकांतच्या इथल्या खात्यातच आले असते, मुलीला पाठवायचे तर पुन्हा डॉलर विकत घ्या.

रोहिणी

प्रकाशराव, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आमच्या सर्टिफिकेटवर शेवटी V01 आहे, साइटवरच्या मजकुरावर V02. जुना मजकूर मेलमध्येच होता, पॉलिसी आली त्या दिवशीचा, कधी उघडलाच नव्हता. त्यात 'नुकसानीच्या तारखेला प्रसिद्ध झालेला दर' असं लिहिलंय. पुढचं वाक्य तेच, त्या दिवशी दर नसेल तर त्यानंतरचा पहिला. म्हणजे मीच चुकले का?

पण एक सांगा, नुकसान म्हणजे काय? श्रीकांतला कळा आल्या तो दिवस? की माझे पैसे गेले तो? माझ्या लेखी नुकसान जानेवारीतच झालं. व्याख्यांचं पान दोनदा वाचलं, हा शब्द तिथे नाहीच.

प्रकाश, वाशी

व्याख्या नाही, हे तुझ्या बाजूचं आहे. मजकूर कंपनीने लिहिलाय, त्यात संदिग्धता असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावायचा, हे तत्त्व कोर्टंही मानतात. पण प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या टेबलावर हा क्लेम आला असता तर मीही उपचाराचाच दिवस धरला असता. वैद्यकीय विभागात नुकसान म्हणजे आजारपण, बिल नव्हे.

आता तारीख तपास. दाखल झाले 1 नोव्हेंबरला, शुक्रवारी, लक्ष्मीपूजन. घरी सोडलं शनिवारी, पाडवा. मुंबईत त्या दोन्ही दिवशी दर निघाला नाही, पुढे रविवार. म्हणजे कंपनीने सोमवारचा, 4 नोव्हेंबरचा दर लावायला हवा. तुझ्या पत्रावर कुठली तारीख आहे?

रोहिणी

पत्रावर तारीखच नाही. नुसतं 'लागू विनिमय दर' आणि खाली रुपये.

प्रकाश, वाशी

मग पहिलं पत्र त्याचंच. दर किती, कुठल्या तारखेचा, कुठून घेतला, हे लेखी मागव. 31 ऑक्टोबरचा लावला असेल तर त्यांच्याच वाक्याप्रमाणे चूक, फरक पैशांत असला तरी. नुकसानीच्या अर्थाचा मुद्दा त्याच पत्रात दुसऱ्या परिच्छेदात घाल, वेगळं पत्र नको. महिन्यात उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. वर्षाची मुदत आहे, तेवढी सांभाळ.

नितीन

लोकपाल म्हणजे पुण्याला जावं लागेल. ठाणे आणि नवी मुंबई त्यांच्याकडे येतात, मुंबईकडे नाही. पाच हजारांसाठी पुणं!

अविनाश

नितीन, ते जुनं झालं. ठाण्यात आता लोकपालांचं स्वतंत्र कार्यालय आहे, नवी मुंबईही तिकडेच. माझ्या मेव्हण्याने गेल्या वर्षी तिथेच तक्रार दिली, मेडिक्लेमची. निकाल अजून यायचाय.

रोहिणी

ठाण्यातच असेल तर जाईन. श्रीकांत म्हणतोय सोड, पाच हजारांत काय होतं. त्याला सांगितलं, त्या रात्री दोन तास गुरासारखा ओरडलास त्याची तारीख कंपनी विचारतेय, तुझी हजेरी लागणार आहे.

पत्राचा मसुदा उद्या टाकते. प्रकाशराव, 'लागू विनिमय दर' याखाली रेघ मारून पाठवू का पत्राची प्रत, की नुसता उल्लेख पुरे?

प्रकाश, वाशी

प्रत जोड. मूळ पत्र तुझ्याकडेच ठेव.