‘पण’ने सुरू होणारे वाक्य: व्याकरणाची चूक की केवळ अनौपचारिक शैली?

अहवाललेखक: मी लिहिलेल्या तांत्रिक अहवालात ‘पण’ आणि ‘आणि’ या शब्दांनी सुरू होणारी तीन वाक्ये वरिष्ठांनी लाल शाईने खोडली व समासात ‘व्याकरणदृष्ट्या अशुद्ध’ असा शेरा मारला. अशी वाक्ये खरोखर अशुद्ध आहेत, की ती फक्त बोलण्यात चालतात?

निवृत्त शिक्षिका: वरिष्ठांचे बरोबर आहे. ‘आणि’, ‘पण’ ही उभयान्वयी अव्यये आहेत आणि दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडणे हेच त्यांचे काम आहे. पूर्णविराम देऊन वाक्य संपवल्यावर जोडायला मागे काही उरतच नाही. वर्गात मी हे कटाक्षाने पाळले, कारण मुले ‘आणि मग… आणि मग…’ करत पानभर निबंध लिहीत असत.

मुद्रितशोधक: बाईंची व्याख्या अचूक आहे, परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अव्यय दोन वाक्यांना जोडते असे आपणच म्हणतो, मग त्या दोन वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम आला म्हणून त्यांचा अर्थसंबंध तुटत नाही. विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या वळणाने रुळली. त्याआधीच्या मोडी लिखाणात शब्दसुद्धा सलग लिहिले जात, तेव्हा ‘वाक्याच्या आरंभी काय चालेल’ हा प्रश्न आजच्या रूपात उभाच राहत नव्हता. इंग्रजी शाळांतही हीच बंदी शिकवतात, पण 1611 च्या अधिकृत इंग्रजी बायबलमधील पहिल्या अध्यायाची 31 पैकी 29 वचने ‘अँड’नेच सुरू होतात, आणि त्या भाषेला अनौपचारिक कोणी म्हणत नाही.

मराठीत खरे व्याकरणिक बंधन पाहायचे असेल तर ‘व’ घ्या. ‘दाब तपासला व गळती शोधली’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘दाब तपासला. व गळती शोधली.’ असे लिहिले की मराठी माणसाचा कान लगेच अडखळतो. ‘आणि’ने तसे होत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एक असूनही एकाला वाक्यारंभी जागा नाही आणि दुसऱ्याला आहे, यावरून बंदी ‘व’पुरती आहे, सगळ्या उभयान्वयी अव्ययांना नाही, हे दिसते.

एक वाचक: मग ‘मी पण येतो’ हेही चूक का? आमच्याकडे सगळे तसेच बोलतात.

मुद्रितशोधक: तो ‘पण’ वेगळा. तिथे त्याचा अर्थ ‘सुद्धा’ असा आहे आणि तो मागच्या शब्दाला चिकटतो. इथे प्रश्न विरोध दाखवणाऱ्या ‘पण’चा आहे.

निवृत्त शिक्षिका: ‘व’चा मुद्दा मान्य. तरीही औपचारिक लेखनात जोडवाक्य करता येत असताना तुकडे कशासाठी पाडायचे?

कायद्याचा अनुवादक: सर्वांत औपचारिक मराठी कायद्यांची, आणि तिथे अपवादात्मक तरतुदीचा परिच्छेदच ‘परंतु’ने सुरू होतो. म्हणजे वाक्यारंभीची जागा ही अनौपचारिकतेची खूण नव्हे. फार तर ‘पण’ हा शब्द ‘परंतु’पेक्षा घरगुती आहे, एवढेच म्हणता येईल.

अहवाललेखक: खोडलेल्यांपैकी एक उतारा देतो: ‘पंपाचा दाब योग्य आहे. गळती आढळली नाही. प्रवाहही ठरल्याइतका आहे. पण मोटर दहा मिनिटांत तापते.’ वरिष्ठांनी शेवटची दोन वाक्ये स्वल्पविरामाने जोडली.

मुद्रितशोधक: त्या दुरुस्तीने अर्थ सरकला. ‘प्रवाहही ठरल्याइतका आहे, पण मोटर दहा मिनिटांत तापते’ असे वाचताना विरोध फक्त प्रवाहाशी आहे असे वाटते. आपल्याला तो तिन्ही निरीक्षणांशी दाखवायचा आहे, आणि पूर्णविरामानंतरचा ‘पण’ मागच्या सगळ्या मजकुरावर पसरतो. ‘पण’ नकोच असेल तर ‘मोटर मात्र दहा मिनिटांत तापते’ असे लिहावे, कारण ‘मात्र’ मोटरीलाच बाकीच्यांपासून वेगळी काढतो. मला अहवालात हीच रचना अधिक आवडते, पण ती माझी आवड झाली. उरलेली दोन वाक्ये?

अहवाललेखक: दोन्ही ‘आणि’ची. एक असे: ‘झडप बदलली. आणि पंप पुन्हा सुरू केला.’

मुद्रितशोधक: इथे मी वरिष्ठांच्या बाजूने आहे. दोन लहान क्रिया लागोपाठ घडल्या आहेत, तिथे पूर्णविरामाने उगाच नाट्य येते. ‘झडप बदलून पंप पुन्हा सुरू केला’ हे सरळ आहे. मात्र ही शैलीची दुरुस्ती आहे, तेव्हा शेऱ्यात ‘अशुद्ध’ हा शब्द नको होता.

निवृत्त शिक्षिका: पंपाच्या उताऱ्यातला ‘पण’ मी आता खोडणार नाही. परंतु चौथीच्या मुलाला मी आजही तो वाक्याच्या सुरुवातीला लिहू देणार नाही. मागच्या किती वाक्यांवर तो पसरतो हे त्याला कळत नसते, आणि कळत नसताना दिलेली मोकळीक पुन्हा ‘आणि मग’पाशीच येऊन थांबते.

कायद्याचा अनुवादक: मग त्याला ‘अजून नको’ असे सांगा, बाई. ‘चूक’ म्हणून शिकवल्यामुळेच तो मोठा होऊन लाल शाई वापरतो.