सेफ्ट्रायॅक्झोन देऊनही वडिलांचा न्यूमोनिया हटत नाही, मदत हवी आहे

शर्वरी_क: वडिलांचे वय 62 आहे. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असून, शिरेतून सेफ्ट्रायॅक्झोन सुरू करून तीन दिवस झाले तरी ताप 103 च्या खाली येत नाही. इतक्या तापातही नाडी 84 च आहे, जुलाब होत आहेत, सोडियम 126 आहे आणि संध्याकाळी ते असंबद्ध बोलतात. थुंकीच्या ग्रॅम तपासणीत पू-पेशी भरपूर दिसल्या, जंतू मात्र एकही नाही. आजाराच्या आठवडाभर आधी ते एका हॉटेलात मुक्कामाला होते, म्हणून डॉक्टरांनी लीजनेला या न्यूमोनियाच्या जंतूसाठी लघवीची अँटिजेन चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. मग लीजनेला नाहीच असे समजावे का? आणि एवढे जबर औषध चालत का नाही?

विनायक: या जंतूंना पेशीभित्तिकाच नसते. सेफ्ट्रायॅक्झोन नेमके भित्तिकेची बांधणी रोखते, त्यामुळे त्याला काम करायला जागाच उरत नाही.

छातीविकार_डॉक्टर: विनायकजी, हे मायकोप्लाझ्माला लागू पडते, लीजनेलाला नाही. लीजनेलाला भित्तिका असते, पण तो फुफ्फुसातील भक्षक पेशींच्या आत शिरून तिथेच वाढतो आणि सेफ्ट्रायॅक्झोनसारखी औषधे त्या पेशींच्या आत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही. लेव्होफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन असे पेशीत शिरणारे औषध लागते.
शर्वरीताई, लघवीची चाचणी मुख्यतः लीजनेलाचा सेरोग्रुप 1 हा एकच प्रकार पकडते, त्यामुळे निगेटिव्ह अहवालावरून लीजनेला बाद ठरवता येत नाही. थुंकीची पीसीआर करून घ्यावी आणि कल्चर मागताना लीजनेलाचा संशय प्रयोगशाळेला आवर्जून कळवावा, कारण नेहमीच्या माध्यमावर तो वाढत नाही. वडील रक्तदाबासाठी नाडी मंदावणारे बीटा-ब्लॉकर औषध घेतात का?

आई_नाशिक: माझ्या मुलीला असाच चिवट कोरडा खोकला होता, पण ती शाळेत जात होती. मायकोप्लाझ्माची आयजीएम ही रक्तातील अँटिबॉडीची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि अझिथ्रोमायसिनने ती बरी झाली. तुम्हीही आयजीएमच करा.

छातीविकार_डॉक्टर: मुलीचे चित्र मायकोप्लाझ्माला साजेसेच होते. मात्र आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि पुढे काही महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे त्या एकट्या चाचणीवर विसंबता येत नाही. इथे जुलाब, उतरलेले सोडियम आणि भ्रम हे तिन्ही एकत्र असल्याने माझा संशय लीजनेलाकडेच झुकतो.

शर्वरी_क: मेटोप्रोलॉल सुरू आहे, म्हणजे नाडीच्या खुणेवर फारसा भर देता येणार नाही. पीसीआरचा अहवाल उद्या येईल. लेव्होफ्लॉक्सासिन आजच सुरू करायचे होते, पण ईसीजीत हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा कालावधी लांबलेला निघाला आणि अझिथ्रोमायसिननेही तो वाढतो असे सांगितले. डॉक्सीसायक्लिनवर भागेल का?

छातीविकार_डॉक्टर: तो पर्याय आहे, परंतु एवढ्या आजारी रुग्णात मला त्याचा तितका भरवसा वाटत नाही. आधी पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून, कमी असल्यास भरून काढावे आणि मॉनिटर लावून लेव्होफ्लॉक्सासिन देता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना आजच विचारावे. पीसीआरसाठी औषध थांबवून ठेवू नये.