मदत हवी आहे: १९९२ मध्ये बँक ऑफ इंग्लंडला पौंड का सावरता आला नाही?

खडूफळा: एम.ए.चा पेपर आठवड्यावर आलाय. भांडवलाची मोकळी ये-जा, बांधलेला विनिमय दर आणि स्वतःचा व्याजदर, या त्रिकूटातली दोनच एका वेळी मिळतात, हे पाठ आहे. उदाहरण लिहायला बसले की अडते. ब्रिटनने ऑक्टोबर १९९० मध्ये युरोपीय विनिमय दर यंत्रणेत शिरून पौंड २.९५ जर्मन मार्कला बांधला, २.७७८ च्या खाली जाऊ द्यायचा नव्हता. मग मार्क देऊन पौंड घेत राहायचे आणि व्याजदर कमी ठेवायचा. यात चुकतं कुठे?

बाजारबुणगा: सोरोस या सट्टेबाजाने पौंड विकले, बँकेचा साठा आटला. एवढंच.

जुना_हिशेब: सोरोस एकटा नव्हता, आणि साठा ही अर्धीच गोष्ट. बँक पौंड विकत घेते तेव्हा ते बाजारातून उचलले जातात, पैशाची चणचण होते आणि व्याज आपसूक चढतं. ते चढू नये म्हणून बँकेने पौंड परत बाजारात सोडले, तर तेच स्वस्तात उसने घेऊन लोक पुन्हा विकतात. एका हाताने भरायचं, दुसऱ्याने ओतायचं. शिवाय एकीकरणानंतरची महागाई दाबायला जर्मनीने दर चढे ठेवले होते आणि ब्रिटनमध्ये मंदी होती. घरी हवा होता उतरता दर, पौंडाला चढता.

दुबईकर_काका: माझं दुबईत घराचं कर्ज आहे. २०२२ मध्ये अमेरिकेने दर वाढवले आणि इथे माझा हप्ता वाढला. आता मुदत वाढवून घेऊ का?

जुना_हिशेब: काका, मुदतीचं बँकेला विचारा. पण उदाहरण झकास दिलंत! दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आणि पैसा मोकळा, म्हणून व्याजदर अमेरिकेच्या मागे जातो.

खडूफळा: पण १६ सप्टेंबरला दर १० वरून १२ केला, १५ जाहीर केला. तरी पौंड का सावरला नाही?

जुना_हिशेब: १५ टक्के वर्षाचे. एक कोटी पौंड एक दिवस उसने घेतले तर व्याज साधारण ४,११० पौंड. पौंड १० टक्के पडला तर नफा दहा लाखांच्या आसपास. त्यात तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची, म्हणजे १५ टक्के सरकारलाच फार दिवस झेपणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच संध्याकाळी ब्रिटन त्या यंत्रणेतून बाहेर पडला आणि १५ टक्के लागू झालेच नाहीत. जानेवारी १९९३ पर्यंत दर ६ वर आला.

बाजारबुणगा: म्हणजे २.९५ हा आकडाच चढा होता. २.६० ला बांधला असता तर टिकला असता.

जुना_हिशेब: आणखी काही काळ टिकला असता, कदाचित. पण त्याच यंत्रणेतल्या फ्रेंच फ्रँकबद्दल अशी ओरड फारशी नव्हती, तरी ऑगस्ट १९९३ मध्ये दराला हलायची मुभा असलेला पट्टा दोन्ही बाजूंना १५ टक्क्यांपर्यंत रुंद करावा लागलाच.

बाजारबुणगा: तो सट्टेबाजांचा कळपपणा. त्याचं खापर त्रिकूटावर कशाला?