दीड जीबी संपलं की नेट मरतंच का? मदत हवी आहे

माझा प्लॅन रोज दीड जीबीचा आहे. कोटा संपल्यावर ६४ केबीपीएस स्पीड मिळेल, असं त्यात लिहिलंय. मला वाटलं, हळू का होईना, चालेल. पण ८ बिट्सचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी! काल आईला ३ एमबीचा फोटो पाठवायचा होता. हिशेबाने सव्वासहा मिनिटं लागायला हवीत, पण तो मध्येच अडकला. साधे मेसेज मात्र जात होते. रात्री बारानंतर सगळं सुरळीत, म्हणजे टॉवरचा दोष नसावा.

बॅकग्राउंडमधली ॲप्सच हे ८ केबी खात असतील का? डेटा सेव्हर लावून कुणाला फरक पडलाय? की टॉप-अप मारण्याशिवाय इलाज नाही?