मदत हवी आहे: गार्ड न काढता ग्राइंडरचा कट कॅमेऱ्यात कसा दाखवावा?

कोल्हापुरातल्या आमच्या घरदुरुस्ती चॅनेलसाठी टाइल कापण्याचा व्हिडिओ करायचाय. चार इंची ग्राइंडर एका कंपनीने फुकट दिलाय. त्यांचं म्हणणं, ब्लेड नीट दिसावं म्हणून गार्ड काढा. ते होणार नाही. ब्लेड मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. टाइलमध्ये अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं, तुकडे उडतात ते वेगळेच.

कॅमेरा गार्डच्या उघड्या बाजूला ठेवला की लेन्सवर धूळ बसते, मागे ठेवला की पेन्सिलची रेघच दिसत नाही. पाणी मारावं, तर यंत्र विजेवरचं! पॉलिकार्बोनेट शीटआडून वरून कोणी शूट केलंय का? शीट किती जाडीची?

यंत्र फुकटचं असल्याने ‘पेड प्रमोशन’ची खूण टाकणारच. पण गार्ड काढणार नाही, ही अट करारात कशी लिहिता? नमुना असेल तर टाका.