मदत हवी आहे: ब्रिजमध्ये चौकटचा तोच डक टीममध्ये बरोबर आणि पेअर्समध्ये चूक कसा?

बिनहुकमी (धागाकर्ता)
लवकर उत्तर हवंय, शनिवारी परत पेअर्स आहे. तीन नोट्रम्प, डमीत चौकटचे एक्का-राजा-राणीसह पाच, माझ्याकडे तीन लहान. पहिल्याच फेरीला डमीतून लहान पान टाकून हात सोडला, म्हणजे डक केलं, नऊ हात केले, काँट्रॅक्ट पुरं. तरी त्या बोर्डवर आम्हाला शून्य! पार्टनर म्हणतो, "डक करायची काय गरज होती?" आणि हाच पार्टनर टीमच्या मॅचमध्ये असाच डक केला तेव्हा "मस्त खेळलास" म्हणाला होता. पत्ते तेच, शक्यता त्याच, मग योग्य खेळ बदलतो कसा?

सदाशिवराव
बाकीचे पत्ते कुठे आहेत? डमीत दुसरी एंट्री होती का? उतारी कसली? व्हल्नरेबल होतात का? किती टेबलं? एवढं लपवून ठेवलंत तर आम्ही सांगायचं काय?

बिनहुकमी
लपवलं नाही, महत्त्वाचं वाटलं नाही. घ्या.

डमी: इस्पिक 8 6 2, बदाम 9 5, चौकट एक्का राजा राणी 4 3, किलवर 7 4 2.
मी: इस्पिक एक्का राजा 5, बदाम एक्का 7 4 3, चौकट 6 5 2, किलवर एक्का राजा 8.

उतारी इस्पिकची राणी. आम्ही व्हल्नरेबल. नऊ टेबलं.

गोव्याची_राधा
एकदम सोपं आहे. पेअर्समध्ये नेहमी जादा हातामागे जायचं, टीममध्ये नेहमी काँट्रॅक्ट वाचवायचं. मी इतकी वर्षं एवढ्याच नियमावर खेळते.

मेधा_ठाणे
टीममध्ये व्हल्नरेबल असाल तर गेम बोलायला अजिबात घाबरू नका. चार बदाम झाले तर 620, दुसऱ्या टेबलावर तेवढेच हात करून खाली थांबलेल्यांना 170. फरक 450, टीममध्ये दोन टेबलांतल्या फरकाचे जे गुण मिळतात त्या इम्पमध्ये ते 10. एक हात कमी पडला तर तुमचे उणे 100, त्यांचे 140, जातात फक्त 6. म्हणून 38 टक्क्यांचा गेमसुद्धा टीममध्ये बोलावा. पेअर्समध्ये निम्म्याहून जास्त शक्यता नसेल तर बोलू नये.

बिनहुकमी
मेधाताई, बोली आमची बरोबरच होती, 27 पॉइंट होते. प्रश्न खेळाचा आहे.

सदाशिवराव
आता बोलता येईल. तुमचे वरचे हात मोजा: इस्पिकचे दोन, बदामाचा एक, किलवरचे दोन. पाच झाले, म्हणजे चौकटचे चार हवेत. बाहेर चौकटची पाच पानं आहेत. ती 3-2 वाटली गेली असतील, साधारण 68 टक्के वेळा, तर एक्का, राजा, राणी असं वरून खेळून पाचही हात येतात आणि एकूण दहा होतात. 4-1 असतील, साधारण 28 टक्के वेळा, तर वरून खेळल्यावर तीनच येतात. चौथा हात सोडून पाचवं पान मोकळं केलंत तरी डमीत परत जायला वाट नाही. काँट्रॅक्ट एकाने पडलं. डक केलंत तर दोन्ही वाटण्यांत चार येतात, आणि प्रत्येक रंगात तुमचा अडसर शिल्लक असल्यामुळे डक करण्यात धोकाही नाही. 5-0 असेल तर कशाचाच उपयोग नाही.

टीममध्ये याचा हिशोब असा. दुसऱ्या टेबलावरचा वरून खेळला आणि 3-2 निघाली, तर तुमचे 600, त्याचे 630. तीस गुणांचा एक इम्प गेला. 4-1 निघाली तर तुमचे 600, त्याचे उणे 100. सातशेचा फरक, 12 इम्प आले. शंभर डावांत 68 इम्प घालवून तुम्ही सव्वातीनशेच्या वर मिळवता. तिथे डक न करणं हाच गुन्हा.

पेअर्समध्ये फरक किती हे कुणी विचारत नाही, फक्त कोण वर, कोण खाली. नऊ टेबलं, म्हणजे तुमची तुलना आठ जोड्यांशी. आठांना हरवलंत की 16, आठांकडून हरलात की शून्य. त्या आठांनी 630 केले असतील तर तुमच्या 600 ला जे मिळतं, तेच चार हातांनी पडून उणे 400 केले असते तरी मिळालं असतं. डक 68 वेळा हरवतो, 28 वेळा जिंकवतो. पार्टनर दोन्ही वेळा बरोबर बोलला.

गोव्याची_राधा
म्हणजे माझाच नियम. एवढं लिहायची गरज नव्हती.

सदाशिवराव
नाही राधाताई, तो "नेहमी" चुकीचा आहे. समजा हेच काँट्रॅक्ट तुम्ही 23 पॉइंटवर बोललात आणि निम्मा हॉल दोन नोट्रम्पला थांबलाय. तिथे 600 हेच तुम्हाला त्या सगळ्यांच्या वर नेतं. तिसाच्या लोभात ते धोक्यात घालायचं नाही, पेअर्स असली तरी डक. इथे 27 पॉइंट आहेत, सगळा हॉल तीन नोट्रम्पमध्ये असणार, म्हणून जादा हात. आधी हॉल कुठे आहे हे ओळखायचं, मग पत्ता काढायचा.

गोव्याची_राधा
हॉल कुठे आहे हे खेळताना कुणाला कळतं? आमच्याकडे निम्मे लोक काय बोलतील याचा नेम नाही. अंदाजावर खेळण्यापेक्षा नियम बरा.

केळकर_नागपूर
2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक जिंकलं ते पुरुषांच्या पेअर्समध्येच. आपल्याकडे तरी सगळे टीमच्याच गप्पा मारतात. आणि घरी रबर खेळणाऱ्यांना तर दोन्ही नकोत, तिथे पडलो नाही की झालं.

चौकट_गुलाम
सदाशिवराव, पेअर्समध्येही सरळ वरून का खेळायचं? आधी डमीचा एक्का वाजवा. किलवरच्या एक्क्याने हातात या आणि हातातून दुसरं चौकट खेळा. आता डावीकडचा डमीच्या आधी खेळतो. त्याने चौकट दिलं नाही तर उजवीकडे चार आहेत हे कळलं, डमीतून लहान पान टाका, नऊ हात पक्के. त्याने चौकट दिलं तर राजा, राणी वाजवा. 3-2 ला दहा हात, आणि 4-1 मधली निम्मी प्रकरणं फुकटात वाचतात.

सदाशिवराव
हे खरं आहे, माझ्या उत्तरात हवं होतं. किलवरचा राजा आणि बाकीचे अडसर जागेवरच राहतात, म्हणून काही बिघडत नाही. पण टीममध्ये एवढ्यावर थांबू नका. उजवीकडच्याकडे एकच चौकट असेल तर ते राजा वाजवल्यावरच कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ते 14 टक्के 12 इम्पच्या भावाने 68 पेक्षा कितीतरी जड आहेत. टीममध्ये डावीकडच्याने चौकट दिलं तरीही दुसऱ्या फेरीला डकच.

बिनहुकमी
हे मला आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे एक्का वाजवून हातात येणं दोन्हीकडे सारखंच, आणि डावीकडच्याने चौकट दिल्यावर काय करायचं तिथे रस्ते फुटतात. बरोबर?

चौकट_गुलाम
बरोबर.

बिनहुकमी
मग अजून एक. टीमची मॅच, शेवटचे दोन बोर्ड, आम्ही 15 इम्पने मागे. तिथेही डक का? मला काहीतरी वेगळं करायला हवं ना?

सदाशिवराव
वरून खेळून फार तर एक इम्प मिळेल, त्याने 15 भरून निघत नाहीत. डकमधून 12 मिळू शकतात.

चौकट_गुलाम
तो समोरचा वरून खेळला तरच. चांगली टीम असेल तर तोही डकच करणार, मग बोर्ड सपाट. मागे असताना असल्या बोर्डवर वेळ घालवू नका, बोलीत मोका शोधा.

मेधा_ठाणे
म्हणूनच मी गेमचं म्हणत होते.